रेसिपीतील ‘लार्ज’ अंडे आणि आपल्या हातातील अंडे

प्रश्न: बटर केकच्या एका रेसिपीत ‘चार लार्ज अंडी’ असे लिहिले आहे. माझ्याकडची अंडी लहान दिसतात आणि खोक्यावर ‘ए ग्रेड’ छापलेले आहे. मग चारच घ्यावीत की पाच? उद्या मोठी अंडी मिळाली तर काय करायचे? आणि ग्रेडचा केकशी काही संबंध असतो का?

उत्तर:

आपल्या बाबतीत बहुधा पाच अंडी लागतील. मात्र ते नक्की ठरवायचे असेल तर अंडी मोजून भागणार नाही, ती वजन करून पाहावी लागतील. रेसिपी लिहिणारा ‘चार अंडी’ लिहितो तेव्हा त्याच्या मनात एक ठरावीक वजन असते आणि अंड्याचा आकार हा ते वजन सांगण्याचा त्याचा मार्ग असतो. ते वजन कोणते, हे एकदा कळले की लहान-मोठ्या अंड्यांचा प्रश्न साध्या बेरीज-वजाबाकीवर येतो.

प्रथम आकार आणि ग्रेड या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, कारण खोक्यावर त्या शेजारीशेजारी छापलेल्या असल्याने वाचणाऱ्याची गल्लत होते. स्मॉल, मीडियम, लार्ज हे शब्द केवळ वजन सांगतात. ए किंवा बी हे अक्षर दर्जा सांगते, म्हणजे कवच स्वच्छ आणि अखंड आहे का, आतला पांढरा भाग घट्ट आहे की पातळ झाला आहे, आणि बोथट टोकाशी असलेली हवेची पोकळी किती खोल आहे. त्यामुळे लहान अंडे उत्तम दर्जाचे असू शकते आणि भले मोठे अंडे दुय्यम दर्जाचे. आपल्या खोक्यावरच्या ‘ए’ या अक्षरावरून अंड्यांच्या वजनाविषयी काहीही कळत नाही. कवचाचा रंग पांढरा की तपकिरी, याचाही वजनाशी किंवा दर्जाशी संबंध नसतो. तो कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो.

आता वजनाकडे वळू. अडचण अशी की ‘लार्ज’ हा शब्द सगळीकडे एकाच वजनासाठी वापरला जात नाही. अमेरिकेत आकार डझनाच्या वजनावरून ठरतो आणि लार्ज अंड्यांचा डझन किमान २४ औंसांचा असावा लागतो, म्हणजे कवचासह एक अंडे सरासरी ५७ ग्रॅमच्या आसपास येते. तिथे मीडियमचा डझन २१ औंसांचा आणि एक्स्ट्रा लार्जचा २७ औंसांचा असतो. युरोपीय संघात प्रत्येक अंड्याच्या वजनाची मर्यादा ठरलेली आहे: ५३ ग्रॅमपेक्षा कमी ते एस, ५३ ते ६३ ग्रॅमच्या आतले एम, ६३ ते ७३ ग्रॅमच्या आतले एल आणि ७३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त ते एक्सएल. भारतातील ॲगमार्कच्या प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचे अंडे लार्ज, ४५ ते ५२ ग्रॅमचे मीडियम आणि ३८ ते ४४ ग्रॅमचे स्मॉल समजले जाते.

हे आकडे पाठ करण्याची गरज नाही, पण त्यांतून निघणारी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अमेरिकी लार्ज अंडे हे युरोपीय मोजमापात एल ठरत नाही, ते एम ठरते. त्यामुळे अमेरिकी रेसिपी समोर ठेवून कोणी युरोपीय एल अंडी वापरली, तर शब्द जुळतो आणि वजन मात्र चुकते. अंडी आणि रेसिपी एकाच ठिकाणची नसतील, तेव्हा खोक्यावरच्या शब्दावर विसंबू नये. रेसिपीत प्रमाणे कपांत आणि औंसांत असतील, ओव्हनचे तापमान फॅरनहाइटमध्ये असेल, तर ती अमेरिकी पद्धतीची समजून एक लार्ज अंडे म्हणजे कवचाशिवाय ५० ग्रॅम असे धरावे. त्यात सुमारे ३३ ग्रॅम पांढरा भाग आणि १७ ग्रॅम बलक असतो. युरोपीय रेसिपीत एल अंडी सांगितली असतील तर कवचाशिवाय सुमारे ६० ग्रॅम धरावेत.

कवचाचे वजन अंड्याच्या एकूण वजनाच्या दहा ते बारा टक्के असते. म्हणून अंडे न फोडता अंदाज करायचा असेल तर कवचासहच्या वजनाला ०.८८ ने गुणावे. उत्तर एखाद-दुसऱ्या ग्रॅमच्या फरकाने बरोबर येते. तरीही शेवटचे वजन फोडलेल्या अंड्याचेच घ्यावे, असा माझा आग्रह असतो. ठेवणीत अंड्यातील पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू उडून जाते. खोका भरला त्या दिवशी जे वजन होते ते दोन-तीन आठवड्यांनी तेवढेच राहत नाही, आणि डझनाच्या सरासरीत बसवलेल्या अंड्यांमध्ये मुळातच लहान-मोठी मिसळलेली असतात.

आता आपलाच केक घेऊ. समजा रेसिपीत ४ लार्ज अंडी, २२५ ग्रॅम लोणी, २२५ ग्रॅम साखर, २२५ ग्रॅम मैदा आणि दोन चहाचे चमचे बेकिंग पावडर असे प्रमाण आहे. अंड्यांचे अपेक्षित वजन झाले २०० ग्रॅम. आपल्याकडची पाच अंडी कवचासह काट्यावर ठेवली आणि ती ४६, ४४, ४८, ४५ आणि ४७ ग्रॅम भरली असे धरू. एकूण २३० ग्रॅम, ०.८८ ने गुणले की २०२ ग्रॅम. पाच अंडी फोडून हेच वजन आले तर वरच्या दोन ग्रॅमकडे दुर्लक्ष करावे आणि बाकी काहीही न बदलता केक करावा. या प्रमाणाच्या केकमध्ये पाच-सात ग्रॅमच्या फरकाने काही बिघडत नाही.

यांतली पहिली चारच घेतली असती तर काय झाले असते? त्यांचे कवचाशिवाय वजन भरते सुमारे १६१ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ ३९ ग्रॅमची तूट. अंड्याचा तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो आणि सुमारे साडेबारा टक्के प्रथिने. त्यामुळे या तुटीत जवळपास ३० ग्रॅम पाणी आणि ५ ग्रॅम प्रथिने कमी पडली. पाणी कमी पडल्याचा परिणाम लगेच दिसतो: मिश्रण चमच्यावरून सैलसर ओघळत नाही, ते गोळ्यासारखे अडून राहते आणि भांड्यात सपाट करायला चमच्याने दाबावे लागते. प्रथिने कमी पडल्याचा परिणाम केक निवल्यावर कळतो. ओव्हनच्या उष्णतेने प्रथिने गोठतात आणि फुगलेल्या केकला आतून आधार देतात. तो आधार अपुरा राहिला की सुरी लावताच केकचा चुरा होतो आणि दुसऱ्या दिवशी तो कोरडा लागतो. म्हणूनच अंड्याची तूट दोन चमचे दूध घालून भरून काढण्याचा नेहमीचा सल्ला अर्धाच उपयोगी आहे. दुधाने मिश्रण सैल होते, पण गोठून आधार देण्याचे काम दुधाकडून होत नाही. पंधरा ग्रॅमपर्यंतची तूट एक मोठा चमचा दूध घालून भागवता येते. त्यापुढे मात्र आणखी एक अंडे फोडावे आणि त्यातले लागेल तेवढेच घ्यावे.

अर्धे किंवा पाव अंडे घ्यायचे म्हणजे काय, यावर अनेकजण अडतात. रीत सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. अंडे वाटीत फोडून काट्याने किंवा चमच्याने हलके मोडावे, बलक आणि पांढरा भाग पूर्ण एकजीव होईपर्यंत. फेस मात्र येऊ देऊ नये. रिकामे भांडे वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग त्यात हवे तेवढे अंडे ओतावे. न मोडलेल्या अंड्यातला पांढरा भाग घट्ट असल्यामुळे तो ओतताना एकतर अजिबात येत नाही किंवा एकदम सगळा घसरून येतो. शिवाय नुसता पांढरा भागच भांड्यात गेला तर बलकातली स्निग्धता आणि तिच्यासोबत येणारे, लोणी व पाणी एकत्र बांधून ठेवणारे लेसिथिन मागेच राहते.

मोठ्या अंड्यांचा हिशेब उलट दिशेने जातो. युरोपीय एल मापाची, प्रत्येकी सुमारे ६८ ग्रॅमची अंडी हाती असतील तर चार अंडी फोडल्यावर जवळजवळ २४० ग्रॅम भरतील, म्हणजे ४० ग्रॅम जास्त. अशा वेळी तीन अंडी पूर्ण घ्यावीत आणि चौथ्यातून फक्त २० ग्रॅम घालावे. नकळत चारही घातली तर बिघाड पहिल्यांदा लोणी-साखरेच्या भांड्यातच दिसतो. घोटलेल्या लोण्यात ठरावीक प्रमाणातच पाणी सामावते. अंड्यातले पाणी त्यापलीकडे गेले की मिश्रण फाटते, म्हणजे गुळगुळीतपणा जाऊन बारीक कण आणि त्यांच्या भोवती सुटलेले पाणी दिसू लागते. थंड अंडी वापरली तरीही असेच होते, कारण लोणी आक्रसते. त्यामुळे मिश्रण फाटले की दोष अंड्याच्या वजनाचा आहे की गारव्याचा, हे आधी पाहावे. अंडी खोलीच्या तापमानाला आलेली असतील आणि तरीही शेवटच्या अंड्याला मिश्रण फाटत असेल, तर बहुधा अंडे जास्त झाले आहे. मोजून ठेवलेल्या मैद्यातला एक मोठा चमचा मैदा तिथेच घालून घोटले की मिश्रण बरेचसे सावरते. केक भाजून निघाल्यावर जादा अंड्याची खूण अशी, की तो बोटाने दाबला असता रबरासारखा परत उसळतो, त्याला अंड्याचा वास येतो, आणि कधी तळाशी ओलसर, दाट पट्टी राहते.

अंडे अर्धवट उरवणे नको असेल तर दुसरी वाट आहे, आणि लोणी, साखर, मैदा समसमान असलेल्या या केकसाठी मला तीच अधिक आवडते. अंड्यांप्रमाणे रेसिपी बदलायची. मोठ्या अंड्यांचे वजन २४० ग्रॅम भरले आणि रेसिपीत २०० अपेक्षित होते, तर २४० ला २०० ने भागावे, उत्तर १.२. बाकीच्या सर्व पदार्थांना १.२ ने गुणले की लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी २७० ग्रॅम होतात. बेकिंग पावडरही त्याच प्रमाणात वाढवावी. फक्त भांडे तेच असेल तर ते दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. उरलेले मिश्रण छोट्या साच्यांत भाजावे. उलट चार लहान अंड्यांवरच भागवायचे असेल तर १६१ ला २०० ने भागून ०.८ येतात, आणि लोणी, साखर, मैदा १८० ग्रॅमवर आणावा लागतो. केक थोडा बुटका होईल आणि काही मिनिटे आधी भाजून निघेल, म्हणून ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधीपासून सळई टोचून पाहावी.

जुन्या घरगुती पद्धतीत हाच विचार आणखी सोपा केलेला आहे. अंडी कवचासह तोलायची आणि जेवढे वजन भरेल तेवढेच लोणी, तेवढीच साखर आणि तेवढाच मैदा घ्यायचा. वरच्या रेसिपीतले २२५ ग्रॅमही तसेच आले आहेत, कारण चार अमेरिकी लार्ज अंडी कवचासह २२७ ग्रॅमच्या आसपास भरतात. ही पद्धत माहीत असली की अंड्याच्या आकाराचा प्रश्नच उद्भवत नाही.

घरी वजनकाटा नसेल तर मापाच्या चमच्यांनी काम चालते, कारण अंड्याची घनता पाण्यापेक्षा किंचितच जास्त असते. मोडून एकजीव केलेले एक लार्ज अंडे म्हणजे १५ मिलिलिटरचे सव्वातीन मोठे चमचे, आणि चार अंडी म्हणजे २०० मिलिलिटरला थोडे कमी. फेस असेल तर माप फसते. तो बसेपर्यंत थांबावे.

प्रत्येक वेळी एवढा खटाटोप करायलाच हवा असे मात्र नाही. रेसिपीत एक किंवा दोनच अंडी असतील तर मीडियम-लार्जचा फरक दहा-बारा ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि कुकी, पॅनकेक किंवा मफिनला तो सहज सोसतो. तीन अंड्यांपासून पुढे फरक साचत जातो. सहा लार्जच्या जागी सहा मीडियम घातली तर जवळपास एक अख्खे अंडे कमी पडते. शिवाय पदार्थाची घडण अंड्यावर किती अवलंबून आहे, हेही पाहावे. लोणी-मैद्याचा केक बऱ्यापैकी सोशिक असतो. कस्टर्ड तसे नसते. अर्ध्या लिटर दुधाला चार लार्ज अंडी, म्हणजे २०० ग्रॅम, घेतली तर साच्यातून काढल्यावर उभे राहील असे कस्टर्ड होते. त्याच दुधात १६० ग्रॅम अंडे पडले तर काप बसका होतो, आणि युरोपीय एक्सएल अंडी घालून वजन २६० च्या पुढे गेले तर ते कडक होऊन त्यात भोके पडतात आणि कडेला पाणी सुटते. शू पेस्ट्रीचा प्रकार आणखी वेगळा. तिथे पीठ किती शिजवले आणि त्यातले पाणी किती आटले यावरही अंड्याचे प्रमाण ठरते, म्हणून शेवटचे अंडे मोडून ठेवून चमच्याचमच्याने घालावे आणि उचललेल्या चमच्यावरून पीठ तुटून न पडता त्रिकोणी जिभेसारखे लोंबू लागले की थांबावे; वाटीत उरलेले अंडे उरू द्यावे.

बलक किंवा पांढरा भाग वेगवेगळा लागतो तेव्हा अख्ख्या अंड्याच्या वजनावरून अंदाज बांधू नये. एकाच वयाच्या कोंबड्यांच्या अंड्यांत अंडे मोठे झाले की पांढरा भाग जास्त वाढतो आणि बलक त्या मानाने कमी. उलट कोंबडीचे वय वाढते तसा बलकाचा वाटा वाढतो. त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोन अंड्यांत बलक सारखाच निघेल याची खात्री नसते. सहा लार्ज बलक सांगितले असतील तर १०० ग्रॅमच्या थोडे वर बलक धरावा आणि तेवढे वजन भरेपर्यंत अंडी फोडावीत. लहान अंड्यांत ती सात होतील. मरँगसाठी तर अंड्यांची संख्या बाजूलाच ठेवावी. पांढरा भाग तोलून त्याच्या दुप्पट साखर घेतली की १०० ग्रॅमला २०० ग्रॅम आणि १२० ग्रॅमला २४० ग्रॅम असा हिशेब चुकण्याचे कारण उरत नाही. लार्जपेक्षा मोठ्या अंड्यांचे तीन पांढरे भाग घेऊन साखर मात्र लार्जच्या प्रमाणाने घातली, तर मरँग मऊ राहते आणि त्यातून थेंब पाझरतात.

आता ग्रेडचा प्रश्न. अमेरिकेत एए, ए आणि बी अशा तीन पायऱ्या आहेत. तपासणीत अंडे प्रकाशासमोर फिरवून हवेची पोकळी पाहिली जाते: एएमध्ये ती सुमारे ३ मिलिमीटरपर्यंत आणि एमध्ये सुमारे ५ मिलिमीटरपर्यंत चालते. युरोपीय संघात किरकोळ विक्रीची अंडी ए वर्गाची असतात आणि पोकळी ६ मिलिमीटरपर्यंत मान्य असते. बी वर्गाचा माल अन्नउद्योगाकडे जातो. युरोपीय अंड्याच्या कवचावर छापलेल्या क्रमांकातला पहिला अंक कोंबड्या कशा पाळल्या हे सांगतो, शून्य म्हणजे सेंद्रिय आणि तीन म्हणजे पिंजऱ्यातल्या. तो अंक दर्जाचा समजू नये. अमेरिकी खोक्यावरचा तीन अंकी आकडा वर्षातला कितवा दिवस ते सांगतो. ००१ म्हणजे १ जानेवारीला खोका भरला, आणि हा आकडा मला ग्रेडच्या अक्षरापेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

कारण ग्रेड हा तपासणीच्या दिवसाचा असतो. पुढे अंडे जुने होत जाते तसा त्यातला कर्बवायू बाहेर पडतो, घट्ट पांढरा भाग पातळ होतो, बलकाभोवतीचा पडदा सैलावतो आणि हवेची पोकळी वाढते. उबदार जागी ठेवलेले एए अंडे थोड्याच दिवसांत बीसारखे वागू लागते. घरी पाहायचे असेल तर अंडे सपाट ताटलीत फोडावे. बलक उंच आणि भोवती घट्ट पांढऱ्याचे कडे दिसत असेल तर अंडे ताजे आहे; बलक चपटा आणि पांढरा भाग पाण्यासारखा पसरलेला असेल तर ते जुने आहे. पाण्यात फोडून शिजवण्याच्या अंड्याला हा फरक फार जाणवतो, कारण पातळ पांढरा भाग पाण्यात तंतू होऊन विखुरतो. बलक वेगळा काढतानाही जुन्या अंड्याचा पडदा पटकन फुटतो आणि बलकाचा थेंब पांढऱ्यात गेला की तो नीट फुगत नाही. पातळ झालेला पांढरा भाग फेटताना लवकर फुगतो खरा, पण तो फेस लवकर बसतो. मरँगसाठी ताजे अंडे त्याचमुळे बरे. आपल्या बटर केकमध्ये मात्र अंडी मोडूनच पडणार आहेत. तिथे ए आणि एए यांत फरक दिसणार नाही, आणि बीही चालेल, फक्त कवच तडकलेले नसावे.

चौथ्या किंवा पाचव्या अंड्यातले जे उरेल ते झाकून लगेच फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन दिवसांत वापरावे. मी ते बहुधा पाव किंवा पेस्ट्री भाजण्याआधी वरून लावायला वापरते: एक चमचा दूध आणि चिमूटभर मीठ मिसळले की त्याने रंग छान येतो.